दुपारच्या पाण्याचा नमुना

अरे, किती पिळशील त्या नळाला? मान मोडेल त्याची. पूर्ण उघडलाय तो, यापुढं थेंबभरही जास्त येणार नाही. शिव्या द्यायच्या तर मला दे. धार बारीक आहे ती माझ्यामुळं. आतल्या पाईपात मी लोखंडाची चकती बसवलीय, मधोमध मसुराचा दाणा जाईल एवढंच भोक. आणि वरून वेल्डिंग मारलंय, म्हणजे उद्या मलाच कुणाची दया आली तरी काढता येऊ नये.

एक कॅन भरायला चार मिनिटं लागतात. तुझे दोन कॅन, म्हणजे आठ. दूध पोचवून आलायस ना? मग कसली घाई? ये इकडं सावलीत, हा पाट घे. तू नवीन आहेस या रस्त्याला, तुला ठाऊक नसणार. ही धार बारीक का झाली ते सांगतो. आठ मिनिटांत मावणार नाही, पण कॅन भरले म्हणून मधेच उठू नको. अर्धी ऐकून गेलास तर मी फार वाईट माणूस वाटेन. पुरी ऐकलीस तर थोडा कमी वाईट वाटेन, एवढंच.

तर ऐक. मी शाळा पाहिली ती बाहेरून. चौदाव्या वर्षी बोअरच्या गाडीवर लागलो आणि तीस वर्षं तिच्यावरच होतो. कंप्रेसरचा आवाज कानात असा बसलाय की आता आमची ही हाक मारते ती मला दुसऱ्यांदाच ऐकू येते. ती म्हणते, पहिल्यांदाही येते, तुम्ही सोंग करता. असो.

आपली वस्ती साठ घरांची. पूर्वी सगळे त्या खालच्या उघड्या विहिरीचं पाणी प्यायचे. पावसाचं मुरलेलं पाणी, चाळीस फुटांवर. मग ओळीनं तीन वर्षं पाऊस रुसला आणि विहिरीचा तळ दिसला. तळाला काय, एक बादली, दोन चपला आणि कुणाचं तरी हरवलेलं कुलूप. तेव्हा मीच पुढं झालो. म्हटलं, माझ्या हातात गाडी आहे आणि माझी वस्ती तहानलेली? मालकाच्या पाया पडून गाडी आणली. हा समोरचा बोअर दिसतो ना, तो मी पाडला. माझ्या हातानं.

चाळीस-पन्नास फुटांवर मुरूम संपला. मग कडक दगड लागला. वर भुकटी यायची ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, मीठ-मिरी एकत्र करावी तशी, आणि उन्हात धरली की आत बारीक चकाकी. ग्रॅनाईट. अडीचशे फूट कोरडं गेलं. लोक माझ्याकडं बघायचे नाहीत, गाडीकडं बघायचे. तीनशे वीसवर भेग लागली आणि पाणी असं उसळलं की माझी टोपी उडाली. बायका रडल्या बाबा. मला खांद्यावर घेतलं. मीही काय कमी, खांद्यावरून हात हलवत होतो निवडून आल्यासारखा.

आणि पाणी कसं, तर गार, काचेसारखं. साबण लावला की फेसच फेस. विहिरीच्या पाण्याला साबण फुटायचा, इथं एका वडीत महिना निघायचा. सगळे म्हणायचे, काय गोड पाणी लागलंय.

तो फेसच आपला वैरी होता, पण ते कळायला पंधरा वर्षं लागली.

आधी पोरांचे दात गेले. गेले म्हणजे पडले नाहीत. दुधाचे पडून नवे यायचे ते खडूसारखे पांढरट चट्ट्यांचे, मग पिवळे, मग तपकिरी पट्टे. आम्ही पोरांना ओरडायचो, दात घासत नाही म्हणून. एकानं तर राखेनं घासून घासून हिरड्या सोलून घेतल्या. मग मोठ्यांचे सांधे धरायला लागले. आमच्या हिची पाठ धरली, मग मान. आज तिला मागं बघायचं असलं तर अख्खीच्या अख्खी वळते, कपाट सरकवावं तशी. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "कपाट आलं." ती म्हणाली, "आलं, आणि किल्ली तुमच्याकडं नाही." तेव्हा आम्ही हसलो होतो. वयाचं आहे म्हणालो. वय काय, पन्नास सुद्धा नव्हतं तिचं.

मग एक दिवस पाणी तपासणाऱ्या मॅडम आल्या. सरकारी जीप, हातात पेटी, अंगानं काडी, पण नजर अशी की खोटं बोलायचं धाडस होत नाही. त्यांनी शाळेत पोरांची तोंडं उघडून बघितली आणि विचारलं, "बोअर कुणी पाडला?" मी छाती काढून म्हणालो, "मी."

त्या रागावल्या नाहीत. माझ्याच बोअरची भुकटी कोपऱ्यात पडली होती, ती हातात घेतली. म्हणाल्या, "काका, या दगडात फ्लोराईड असलेले खनिजाचे कण आहेत. सगळ्या दगडांत नसतात, अशा दगडांत जास्त. वरची विहीर होती तिच्यात पाऊस यायचा, मुरायचा, तुम्ही उपसायचात. पाणी दगडाजवळ फार दिवस राहायचंच नाही. हे तीनशे वीस फुटांवरचं पाणी भेगेत वर्षानुवर्षं बसून आहे. दगड त्यात थोडा थोडा उतरत गेलाय. आणि पाऊस कमी, म्हणून वरून नवं पाणी येऊन ते पातळही होत नाही."

मी म्हटलं, "पण पाणी इतकं मऊ आहे, साबणाला फेस येतो."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "पाण्यात चुना असता तर त्यानं फ्लोराईडला धरून खाली बसवलं असतं. तुमच्या पाण्यात चुना नाही म्हणून फेस येतो, आणि चुना नाही म्हणून फ्लोराईड मोकळं फिरतं. आता हाडात चुना आहे, दातात चुना आहे. ते मोकळं फिरणारं जाऊन तिथं बसतं."

मी दगडात तीस वर्षं घातली, पण दगड माणसाच्या पाठीत जाऊन बसतो हे मला त्या काडीएवढ्या बाईनं सांगितलं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये, एकच्या आत असलं तर उत्तम. आपल्या बोअरला निघालं चार पूर्णांक आठ. मी विचारलं, उकळलं तर? त्या म्हणाल्या, वाफ उडून जाईल, फ्लोराईड भांड्यातच राहील, म्हणजे उलट जास्त. आमची ही पंधरा वर्षं उकळूनच पीत होती. मला जपण्यासाठी मलाही उकळूनच द्यायची.

मग हा फिल्टर आला. तो निळा ड्रम बघ, तुझ्या छातीएवढा. आत दोनशे लिटर दाणे आहेत, जाड्या मिठासारखे पांढरे. अॅल्युमिना म्हणतात. अॅल्युमिनियमचीच जात, पण भाजून भाजून आतून पोखरलेली. एकेका दाण्यात इतकी बारीक भोकं की मॅडम म्हणाल्या, "मूठभर दाण्यांची आतली भिंत उलगडली तर शेतं झाकतील." पाणी त्या भोकांतून जातं आणि फ्लोराईड भिंतीला चिकटून बसतं. चाळणी नाही ती, हे नीट समजून घे. चाळणीत कचरा दिसतो. इथं काही दिसत नाही. आत जाणारं पाणी आणि बाहेर येणारं पाणी, रंग तोच, चव तीच, वास तोच. दाणे भरून गेले, भिंतीला जागा उरली नाही, तरी पाणी तसंच निवळशंख येत राहतं. फक्त फ्लोराईड घेऊन येतं.

म्हणून दाणे धुवावे लागतात. कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून आत सोडायचा, तो चिकटलेलं सगळं सोडवतो. मग साध्या पाण्यानं धुवायचं, मग पातळ केलेलं अॅसिड, म्हणजे सोड्याचा तिखटपणा मरतो आणि दाणे पुन्हा घ्यायला तयार होतात. ते धुतलेलं पाणी म्हणजे निव्वळ विष, ते मागच्या सिमेंटच्या खड्ड्यात, उन्हात वाळवायचं. गटारात सोडलं तर फिरून आपल्याच पोटात.

हे सगळं करायला माणूस हवा होता. मी बोअरच्या गाडीवरून उतरलो होतो, गुडघे बोलायला लागले होते. मी म्हटलं, मी करतो. मीच वर काढलं, मीच निस्तरतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी नात तेव्हा तीन वर्षांची. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. एका जागी थांबायचीच नाही, अंगणात गोल गोल फिरायची आणि चक्कर येऊन पडली की दगडाला मारायची. पोरगा माझा बोअरच्या गाडीवरच, महिना महिना बाहेर. घरात सून, भिंगरी आणि आम्ही दोघं. फिल्टर सुरू झाला त्या दिवशी सून म्हणाली, "बाबा, हिचे नवे दात तरी पांढरे येतील ना?" मी म्हटलं, "मोत्यासारखे येतील. मी आहे ना."

मी आहे ना. लक्षात ठेव हे.

मॅडमनी मला एक तपासणीची पेटी दिली. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. रंग गुलाबी राहिला तर पाणी चांगलं. फ्लोराईड असलं की गुलाबी मरतो आणि पिवळा होत जातो. मी रोज पहाटे उठायचो, दात घासायच्या आधी इथं यायचो, नळाची पहिली धार नळीत घ्यायचो, थेंब टाकायचो. गुलाबी. मग इथल्या पाटीवर खडूनं "चांगलं" लिहायचो आणि नळ उघडायचो. एक दिवस चुकलो नाही. ताप होता तरी आलो. लोक म्हणायचे, बोअरवाला देवमाणूस आहे. मीही मानायला लागलो होतो.

आता चूक ऐक.

धार तेव्हाही अशीच बारीक होती. दाण्यांना चिकटायला वेळ लागतो म्हणून. साठ घरं, घरटी एक कॅन, चार चार मिनिटं. रांग सकाळी लागायची ती दुपारपर्यंत. उन्हाळा आला. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, कमरेला हात लावून उभ्या. शिंपीण रोज मला ऐकवायची, "अहो बोअरवाले, हे पाणी येतंय का तुमचे अश्रू? पोराचं लग्न ठरवून आले असते एवढ्या वेळात." तिचा पोरगा सहा वर्षांचा. लोक हसायचे. पण एका दिवशी रांगेत एक म्हातारी चक्कर येऊन पडली. मी तिला उचललं. तिची पाठ अशी ताठ होती, हिच्यासारखीच, वाकतच नव्हती. उचलताना लाकूड उचलल्यासारखं वाटलं.

मला सहन नाही झालं. त्याच दुपारी मी आतला कॉक पूर्ण फिरवला. कॅन अर्ध्या मिनिटात भरायला लागला. रांग गेली. शिंपिणीनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मनात पाल चुकचुकली का? चुकचुकली. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी दोनदा तपासलं. गुलाबी. तिसऱ्या दिवशीही गुलाबी. म्हटलं, बघा, मॅडम उगाच घाबरवतात. पुस्तकातलं पाणी वेगळं आणि नळातलं वेगळं.

झालं. चौदा महिने नळ तसाच धो धो. आणि धार मोठी म्हणून लोक एकाच्या जागी दोन कॅन नेऊ लागले. दाणे मात्र मी ठरल्या तारखेलाच धुवायचो. पाणी दुप्पट गेलं म्हणजे दाणे निम्म्या दिवसांत भरतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात कॅलेंडर होतं.

अजून एक सांगतो, ते जास्त टोचतं. मला लाज वाटायची की नळ माझ्या हातात आहे म्हणून माझं घर आधी भरलं असं कुणी म्हणू नये. म्हणून आमचा कॅन सगळ्यात शेवटी भरायचा. साठावा. रांग नसली तरी लोक सवडीनं दुपारपर्यंत येत राहायचे, आणि सून बारा वाजता यायची, सगळे गेले की. लोकांना किती कौतुक त्याचं! म्हणायचे, माणूस असावा तर असा.

भिंगरी पाच वर्षांची झाली आणि तिचं फिरणं कमी झालं. आधी आम्हाला वाटलं, शहाणी झाली. मग सुनेच्या लक्षात आलं, चालताना तिचे गुडघे एकमेकांवर घासतात. पावलं बाहेर, गुडघे आत. एक दिवस ती मला म्हणाली, "आजोबा, माझे गुडघे भांडतात." मी म्हटलं, "मग त्यांना कट्टी घ्यायला सांग." ती म्हणाली, "सांगितलं, ऐकत नाहीत."

शहरात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" सून माझ्याकडं बोट करून अभिमानानं म्हणाली, "आमच्याकडं फिल्टर आहे. बाबा रोज स्वतः तपासतात." डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. म्हणाले, "परत तपासून घ्या."

मॅडमना निरोप दिला. त्या आल्या. मी म्हटलं, "पहाटे या, मी दाखवतो." त्या पहाटे आल्या. मी थेंब टाकले. गुलाबी. मी त्यांच्याकडं बघितलं, बघा म्हणून. त्यांनी मान डोलावली, बाटलीत नमुना घेतला आणि इथंच बसल्या, तू बसलायस तिथं. मी म्हटलं, "झालं की." त्या म्हणाल्या, "मी बसते थोडी. तुमची रांग बघते."

नळ सुरू झाला. धो धो. त्यांनी घड्याळ काढलं, एक कॅन मोजला, आणि त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा दुसरा मोजला. बारा वाजता सून आली, शेवटचा कॅन. त्या उठल्या, म्हणाल्या, "काका, आता यातलं तपासा."

मी नळी भरली. थेंब टाकले. नळी हातात होती आणि माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी फिका झाला, केशरी झाला, पिवळा झाला. मला वाटलं औषध खराब झालं. दुसरी नळी घेतली. पिवळी. तिसरी घेतली. मॅडमनी माझा हात धरला. "काका, पुरे."

मी विचारलं, "मग पहाटे गुलाबी कसं?"

त्या म्हणाल्या, "दुपारी नळ बंद होतो तो पहाटेपर्यंत. ड्रममधलं पाणी पंधरा-सोळा तास दाण्यांत बसून राहतं. दाणे थकलेले असले तरी तेवढ्या वेळात काढण्यासारखं काढतात. तुम्ही पहिली धार घेता, ती त्या बसलेल्या पाण्याची. ती चांगलीच येणार. पण ते पाणी पहिले दोन-चार जण नेतात. पुढचं पाणी धावत येतं आणि धावत जातं. दाण्यांना त्याची ओळखही होत नाही."

नंतर प्रयोगशाळेचा कागद आला. पहाटेचं शून्य पूर्णांक नऊ. दुपारचं तीन पूर्णांक चार. चौदा महिने मी चांगलं पाणी तपासणीच्या नळीत ओतलं आणि वाईट पाणी नातीला पाजलं.

सून कॅन धरून उभी होती. सगळं ऐकलं तिनं. कॅन हळूच खाली ठेवला, आडवा केला, आणि पाणी वाहून जाईपर्यंत बघत राहिली. मी म्हटलं, "पोरी..." ती म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला एकदा विचारलं होतं." एवढंच.

मॅडम चांगली बाई. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी कागदावर फिल्टर नादुरुस्त लिहिते. नळ बंद ठेवा, दाणे दोनदा धुवा, कॉक पहिल्यासारखा करा. कुणाला काही कळायची गरज नाही." मला बरं वाटलं रे क्षणभर. खरं सांगतो. मग मला ती चक्कर आलेली म्हातारी आठवली. तिच्यावर दया केली म्हणून मी कॉक फिरवला होता आणि चौदा महिने तिच्याच हाडांत दगड ओतला होता. ती बिचारी अजून मला आशीर्वाद देत होती.

दुसऱ्या दिवशी रांग लागली तेव्हा मी नळ उघडला नाही. म्हटलं, "ऐका. गेले चौदा महिने हे पाणी खराब होतं. चूक माझी." आणि सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच.

रांगेतले सगळे पाटीकडं बघायला लागले. मग शिंपीण म्हणाली, "म्हणजे पाटीवर रोज चांगलं लिहीत होतात ते?"

"पहाटे खरं होतं," मी म्हटलं. "दुपारी खोटं."

"म्हणजे माझ्या नवऱ्यासारखंच," ती म्हणाली. एक-दोघं हसले. मागून कुणीतरी दगड मारला, पत्र्याला लागला. कुणी म्हणालं, हाकला याला. आणि ती म्हातारी, जिच्यासाठी मी कॉक फिरवला होता, ती काठी टेकत माझ्याजवळ आली. मला वाटलं मारते. मारलंच असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस, मी बसून राहिले असते रांगेत. मला काय काम आहे?"

शेवटी शिंपिणीनंच निकाल दिला. "याला काढू नका. आता याच्याइतका घाबरलेला माणूस दुसरा मिळणार नाही." म्हणून मी इथं आहे. त्या संध्याकाळी ही चकती कापून आणली आणि वेल्डिंग मारलं. आता रोज दुपारी बारा वाजता, शेवटच्या कॅनचं पाणी तपासतो. दाणे तारखेनं धुवत नाही, किती कॅन गेले ते मोजून धुतो. गेल्या महिन्यात मॅडमचा कागद आला, दुपारचं शून्य पूर्णांक आठ. तो बघ, तिथं चिकटवलाय.

आमच्या हिला मी विचारलं, "तुला राग नाही येत?" ती अख्खी वळली माझ्याकडं. म्हणाली, "येतो. पण तुमच्याकडं पाठ करायची तर मला फार वेळ लागतो." आणि मग रडली. तिची हाडं आता जशी आहेत तशी राहणार. तिला ठाऊक आहे.

पण भिंगरीची नाही. डॉक्टर म्हणाले, वय लहान आहे, हाडं अजून वाढतायत. आतापासून चांगलं पाणी, दूध, चुन्याच्या गोळ्या, एक-दोन वर्षं, तर पाय बरेचसे सरळ होतील. हे दिवस गेले तर मात्र पुढं जड आहे. कळलं तुला? एक-दोन वर्षं. त्यातले पाच महिने गेले.

आणि ती इथं नाही. सून तिला घेऊन माहेरी गेली, त्याच आठवड्यात. खडीची खाण ओलांडली की उजव्या हाताची वस्ती, तुझी गाडी रोज तिथं दुधाला थांबते. ती खाण कसली आहे बघितलीस कधी? काळे-पांढरे ठिपके. तोच दगड. आणि त्यांचा बोअर चार वर्षांपूर्वीचा, तीनशेच्या खालचा. मी फोनवर म्हटलं, "पोरी, तिथलं पाणी तपासून घे." ती म्हणाली, "तिथलं पाणी गोड आहे बाबा. साबणाला फेस येतो. आणि माझ्या आईचे दात बघा, सगळे पांढरे." अरे, आईचे दात आले तेव्हा ती विहिरीचं पाणी पीत होती. एकदा आलेले दात नंतर डागाळत नाहीत. चार वर्षांत म्हाताऱ्या माणसाला काही दिसणार नाही, दिसेल ते लेकराच्या हाडाला. हे मी सांगायला गेलो तर ती म्हणाली, "तुमचं ऐकून झालं माझं." फोन ठेवला. पोरगा म्हणतो, तिला थोडा वेळ द्या. वेळ मी देईन रे. हाडं देणार नाहीत.

चूक तिची नाही. मी पाटीवर चांगलं लिहायचो ना, चौदा महिने. माझ्या शब्दाला आता तिथं किंमत नाही. पण मॅडमच्या कागदाला आहे. पाणी चांगलं निघालं तर मी तोंडही उघडणार नाही, खुशाल राहू दे तिकडं. वाईट निघालं तर कागद घेऊन मॅडम स्वतः जातील, मी बोललोय त्यांच्याशी. पाणी इथून नेऊ दे, शेजारच्या गावातून आणू दे, मला तोंड दाखवायचीही गरज नाही.

थांब, बस जरा. तुझे कॅन भरले, ठाऊक आहे मला. ही घे बाटली. प्लास्टिकची आहे, मुद्दाम. काचेत नमुना दिवसचे दिवस ठेवायचा नाही, फ्लोराईड काचेलाही धरतं. उद्या त्या वस्तीच्या नळावर जा. सकाळी नको, जाता-येता दुपारी थांब, नळ चालू असताना. त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळ आणि मग काठोकाठ भर. कुणाचं नाव लिहू नको, फक्त वेळ लिही आणि मला आणून दे, मी मॅडमकडं पोचवतो. माझं नाव काढू नको.

आणि पोरगी अंगणात दिसली तर जरा थांबून बघ, चालताना गुडघे एकमेकांना लागतात का. लागत असतील तर लागतात म्हण. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस, एवढं कर.